प्रकृती ‘वात’ निघाली, आता पुढे काय? पहिल्यांदा वैद्यांकडे जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आधी रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर यायच्या, मग मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेबाला बसलो की दिवसाही. सांगलीत वैद्य आणि डॉक्टर दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मिरज तर दवाखान्यांचंच गाव. तरी मला काय झालंय हे कळायला अकरा महिने लागले. त्यातले आठ महिने ‘तुमची वातप्रकृती आहे’ या एका वाक्यावर गेले.

वाक्य कदाचित खरंही असेल. पण त्याचा अर्थ मी चुकीचा लावला, आणि ज्यांनी ते सांगितलं त्यांनीही तो नीट सोडवून दिला नाही. तुमचे महिने वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. दोन्हीकडच्या बाकड्यांवर भरपूर बसलेला माणूस आहे.

१. आधी आपल्या तोंडातले शब्द निस्तरा

वैद्यांच्या पायरीवर चढण्याआधीच गोंधळ सुरू होतो, कारण वात, पित्त, कफ हे शब्द आपण घरात सर्रास वापरतो आणि शास्त्रात त्यांचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’. डोकं दुखून उलटी झाली की ‘पित्त पडलं’. अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठलं’. डॉक्टरांच्या भाषेत ही तीन वेगळी दुखणी आहेत: आम्लता, अर्धशिशी आणि अ‍ॅलर्जीच्या गांधी. गुडघे दुखले की ‘वात’, खोकल्यात बेडका पडला की ‘कफ’.

आयुर्वेदात दोष म्हणजे असा पदार्थ किंवा दुखणं नव्हे. शरीराची कामं वाटून घेणारी ती तीन तत्त्वं मानली आहेत. हालचाल वाताकडे, पचन आणि उष्णता पित्ताकडे, बांधणी आणि स्निग्धता कफाकडे.

म्हणून वैद्यांना ‘मला पित्ताचा त्रास आहे’ असं सांगू नका, डॉक्टरांनाही नको. ‘जेवल्यावर तासाभराने छातीच्या मधोमध जळजळतं, आडवं झालं की वाढतं’ असं सांगा. मी चार वर्षं ‘पित्ताची गोळी’ म्हणून पॅन्टोप्राझोल रोज सकाळी घेत होतो. मुळात ती एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे मेडिकलमध्ये ‘पित्ताची द्या’ म्हटलं की मिळत राहिली. ही गोळी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

२. जाताना पिशवीत काय हवं

- गेल्या वर्षभरातले सगळे रक्ताचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने लावून
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. नुसती यादी नको, पाकिटंच न्या. पित्ताची, झोपेची, ताकदीची, शेजारणीने दिलेली, सगळी
- चूर्ण, काढे, कॅप्सूल यांच्या बाटल्या लेबलासकट
- एक वही, त्यात त्रास कधी सुरू झाला आणि कशाने वाढतो
- घरात कोणाला मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार आहे ते

वैद्यांच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र असतं. बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा क्रमांक आहे का ते बघा. विचारायला संकोच करू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांना राग येत नाही.

३. प्रकृती काढतात कशी, आणि कुठे घसरते

शास्त्रानुसार प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर तीच राहते. प्रकार सात मानतात: एकेका दोषाच्या तीन, दोन दोष मिळून तीन आणि सातवी सम. वैद्य बांधा, त्वचा, केस, भूक, शौच, झोप, घाम, थंडी-ऊन सोसण्याची ताकद, बोलण्याची पद्धत, स्मरणशक्ती असं विचारतात आणि बघतात. कोरडी त्वचा, हलकी झोप, कधी कडकडून लागणारी तर कधी गायब होणारी भूक, कडक शौच, थंडीचा तिटकारा हे वाताकडचं. तीव्र भूक, भरपूर घाम, अकाली पिकलेले केस हे पित्ताकडचं. संथ भूक, गाढ झोप, भक्कम बांधा हे कफाकडचं.

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. हे प्रश्न तुम्ही निरोगी असताना जन्मभर कसे होतात याबद्दल असतात. आपण उत्तरं देतो ती गेल्या महिन्याची. मला झोपेबद्दल विचारलं तेव्हा ‘सारखी मोडते’ असं मी सांगितलं. अहो, मोडायची ती पायांच्या मुंग्यांनी! पंचविशीत मी वाड्यात लग्नाचा बँड वाजला तरी उठत नसे. म्हणजे आजाराचं लक्षण मी स्वभाव म्हणून लिहून दिलं, आणि कागदावर ‘वात’ उमटला.

पुढे मोबाईलवरही प्रकृती काढली. २०२४ च्या नोव्हेंबरात आयुष मंत्रालयाचं देशभर प्रकृती परीक्षण सुरू झालं, तेव्हा भाच्याने फोनवर माझ्याकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यात ‘कफ-वात’ आलं. तिसरे एक वैद्य नाडी धरून ‘पित्तप्रधान’ म्हणाले. माणूस तोच, गाव तेच, प्रकृती तीन. याचा अर्थ तिघेही लबाड असा नाही. थर्मामीटरसारखं एक माप इथे नाही, उत्तर विचारणाऱ्यावर आणि सांगणाऱ्यावर बरंच अवलंबून असतं. नाडीचा दबदबा आपल्याकडे फार, म्हणून एक गोष्ट सांगतो. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिन्ही मुख्य ग्रंथांत नाडीपरीक्षा नाही. ती सविस्तर भेटते पुढच्या काळातल्या शार्ङ्गधरसंहितेत. नुसत्या मनगटावरून दोन मिनिटांत सगळं सांगणारा भेटला तर एवढं आठवा.

४. ‘प्रकृती’ आणि ‘विकृती’ वेगवेगळ्या ओळींवर लिहून घ्या

हे मला गावभागातल्या एका वयस्कर वैद्यांनी शिकवलं, पण नवव्या महिन्यात. माझी वही चाळून ते म्हणाले, “काका, हे तुम्ही कसे आहात ते झालं. तुम्हाला काय झालंय ते कुठं लिहिलंय?”

चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाची परीक्षा दहा अंगांनी सांगितली आहे. प्रकृती हे त्यातलं पहिलं, विकृती दुसरं. मग सार म्हणजे शरीराचा कस, बांधा, प्रमाण, सात्म्य म्हणजे काय मानवतं ते, मनाचं बळ, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. दहातलं एक घेऊन त्यावर सगळा उपचार उभा करणं त्या ग्रंथालाही मान्य नाही. शिवाय पायांचंच घ्या. सुश्रुतसंहितेत तळपायांची आग म्हणजे पाददाह, त्यात वाताबरोबर पित्त आणि रक्त सांगितलंय. पाय बधिर होऊन झिणझिण्या येणं म्हणजे पादहर्ष, तो कफ आणि वाताचा. मला दोन्ही होतं. ‘पाय म्हणजे वात’ हे सरळसोट उत्तर ग्रंथातलंही नव्हतं, घाईतलं होतं.

तेव्हा उठण्याआधी विचारा: माझी प्रकृती कोणती? आत्ता बिघाड कशाचा समजताय? त्याला नाव काय? आणि तो दुसऱ्या कशामुळे नाही हे कशावरून? शेवटच्या प्रश्नावर चांगले वैद्य थांबतात आणि बहुधा स्वतःच रक्त तपासायला सांगतात.

५. सल्ल्याचे तीन ढीग करा

घरी आल्यावर मिळालेला सल्ला तीन भागांत वाटायचा. कसोटी एकच: हा सल्ला चुकीचा निघाला तर माझं काय जाईल?

पहिल्या ढिगात बिनधोक गोष्टी. रात्री तळपायांना कोमट तिळाचं तेल, वेळेवर जेवण, गरम अन्न, दहाच्या आत झोप. चुकलं तर थोडं तेल गेलं. हे मी केलं, अजून करतो. एक खबरदारी मात्र घ्या. पाय बधिर असेल तर तेल किती गरम आहे ते पायाला कळत नाही, आधी मनगटावर थेंब टाकून बघा. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच.

दुसऱ्या ढिगात ‘हे खाऊ नका’. निरुपद्रवी वाटणारा हा ढीगच मला महागात पडला. ‘कफ-वात’ आल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका तक्त्यावरून दूध आणि दही बंद केलं. त्या कोणत्याही वैद्यांनी ते सांगितलं नव्हतं, माझीच हुशारी. आम्ही शाकाहारी, अंडंही घरात येत नाही. अशा माणसाला बी१२ हे जीवनसत्त्व मिळायची मुख्य वाट दूध-दही हीच. मोठ्या माणसाला ते रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मिळतं. म्हणून कोणताही अन्नगट पंधरा दिवसांहून जास्त सोडायचा असेल तर त्याच्या बदली काय खायचं ते त्याच कागदावर लिहून घ्या. बदली सांगता येत नसेल तर सोडू नका.

तिसऱ्या ढिगात पोटात जाणारी औषधं आणि ‘तुमची ती गोळी बंद करा’ हे वाक्य. यावर खाली वेगळं लिहिलंय, कारण ते असं एका ओळीत उरकण्यासारखं नाही.

६. मुदत घाला आणि मोजा

मुंग्यांसारखा त्रास आपोआपही कमी-जास्त होतो. त्यामुळे चांगल्या दिवशी जे केलेलं असतं त्याला श्रेय जातं. तेल लावायला लागल्यावर पहिल्या महिन्यात मला खरंच बरं वाटलं. झोप सुधारली, पोट साफ व्हायला लागलं. त्या आनंदात पायाचं काय झालं हे मी पाहिलंच नाही. आठव्या महिन्यात अंघोळीला डोळ्यांवर पाणी घेतलं आणि तोल गेला. भिंत होती म्हणून वाचलो.

वहीत रोज दोनच आकडे लिहायचे: रात्री त्रासाने किती वेळा जाग आली, आणि बधिरपणा कुठपर्यंत आहे, बोटं, तळवा की घोटा. सहा आठवड्यांत बधिरपणा वर सरकला किंवा तेवढाच राहिला तर पुढची तपासणी. ही मुदत वैद्यांसमोरच ठरवा. ‘आयुर्वेदाला वेळ लागतो’ हे मान्य, पण किती वेळ हे सांगता आलं पाहिजे.

मुदतीची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जायची वेळही असते: तोल जाणं, पायातली चप्पल निसटलेली न कळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायाला न दुखणारी जखम. एका बाजूचं अचानक झालं तर त्याच घटकेला निघा.

७. दुसऱ्या बाकड्यावर काय वेगळं झालं

मेव्हण्याने मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझी प्रकृती विचारली नाही, गप्पाही मारल्या नाहीत. एक ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, “थरथरतंय का?” मला काहीच कळेना. घोट्यावर टेकवला तेव्हा अंधुक कळलं, गुडघ्यावर स्पष्ट. मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले. मी डुललो. एवढ्यावर ते म्हणाले की लांबच्या नसा आणि मणक्यातून वर जाणारी संवेदना यांत बिघाड दिसतोय, कारण शोधू. रक्तात साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि बी१२. तीन सरळ होते, साखरेचं तीन महिन्यांचं माप ५.६. बी१२ होतं ११८. त्या लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० होती.

मग त्यांनी पाकिटं मागितली आणि पॅन्टोप्राझोलवर बोट ठेवलं. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ही गोळी ते आम्लच कमी करते. वर्षानुवर्षं घेतली आणि आहारातही बी१२ जेमतेम असलं, तर साठा हळूहळू संपतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही असं होऊ शकतं. माझा साठा आधीच आटत आला असावा, दूध सोडून मी उरलासुरला हातभार लावला. ‘पित्त’ या शब्दाने गोळी लागली, गोळीने बी१२ घटलं, आणि घटलेल्याला नाव मिळालं ‘वात’.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. तिसऱ्या महिन्यापासून रात्रीची जाग कमी झाली. बधिरपणा घोट्यावरून बोटांपर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. उजव्या अंगठ्याला अजून कमीच कळतं. नसा फार काळ उपाशी राहिल्या की सगळं परत येत नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. पॅन्टोप्राझोल त्यांनी हळूहळू उतरवली; एकदम सोडली तर जळजळ उसळते.

आता तुलना. बी१२ चा शोध लागला १९४८ साली, तेव्हा जुन्या ग्रंथांत ते नाही यात ग्रंथांचा दोष नाही. फरक आहे तो चूक पकडण्याच्या सोयीत. ११८ हा आकडा सांगलीत, कोल्हापुरात, पुण्यात साधारण तोच येतो. उपचाराने तो वाढला आणि त्रास तसाच राहिला असता, तर निदान चुकलं हे कळलं असतं. ‘वात वाढलाय’ याला असं अडवता येत नाही. बरं वाटलं तर वात शमला, नाही वाटलं तर पथ्य चुकलं. अर्थात त्या आकड्यालाही मर्यादा आहेत. दोनशे-तीनशेच्या मधला आकडा संदिग्ध असतो, वेगळी तपासणी लागू शकते.

‘आयुर्वेद प्रत्येकाला वेगळा, त्याची चाचणी होत नाही’ असं ऐकवतील. ते खरं नाही. कोइमतूरमध्ये आमवाताच्या ४३ रुग्णांवर अशी चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यांना प्रत्येकाचं औषध स्वतंत्र ठरवायची मोकळीक होती. कोणाला आयुर्वेदिक, कोणाला मेथोट्रेक्सेट हे डॉक्टरांचं नेहमीचं औषध, कोणाला दोन्ही हे चिठ्ठीने ठरलं आणि रुग्णांपासून झाकून ठेवलं. ३६ आठवड्यांनी तिन्ही गटांत फार फरक दिसला नाही. गट लहान, म्हणून त्यावरून मेथोट्रेक्सेट सोडायचं नसतं, पण तपासता येतं हे सिद्ध झालं. प्रकृतीवरही काम झालंय. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ठळक एका दोषाच्या पुरुषांच्या जनुकांत काही फरक आढळल्याचं मांडलं. वाचायला रंजक आहे. पण गटागटांत जनुकांचा फरक दिसणं आणि ‘तुम्ही वातप्रकृतीचे, वांगं खाऊ नका’ यांच्यामध्ये कृष्णेचं अख्खं पात्र आहे, आणि त्यावर अजून पूल नाही.

८. औषध पोटात घेण्याआधी

बाटलीवर औषधाचं नाव, घटक, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि मुदत हवी. पुडीत बांधून दिलेलं बिननावाचं चूर्ण घेऊ नका, कितीही भरवशाच्या माणसाने दिलं तरी. नावात ‘रस’ किंवा ‘भस्म’ असेल तर त्यात पारा, शिसं, सोमल असं काही आहे का ते विचारा. औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टातले विषारी घटक असतील तर लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने नसाच बिघडतात. म्हणजे पायाच्या मुंग्यांवर घेतलेल्या औषधाने मुंग्या वाढू शकतात, आणि आपण समजतो वात हट्टी आहे.

हळदीच्या गावात राहतो म्हणून हेही सांगतो. भाजीतली हळद वेगळी आणि कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. अशा कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. पेढीवर मला या बोलण्याबद्दल टोमणे बसतात.

साखरेची, रक्तदाबाची, थायरॉइडची, फिटची गोळी वैद्यांच्या सांगण्यावरून थांबवू नका. ती कमी करायची तर ज्यांनी लिहिली त्यांच्यासमोर, रिपोर्ट बघून. आणि दोघांनाही दोघांबद्दल सांगा. मी डॉक्टरांपासून काढा लपवला होता, रागावतील म्हणून. त्यांनी फक्त बाटली फिरवून लेबल वाचलं, “चालेल, पण यकृताची तपासणी करून घेऊ,” म्हणाले आणि पुढचा नंबर बोलावला.

गावभागातल्या वैद्यांकडे मी अजून जातो, पोटाच्या कुरबुरीसाठी. गेल्या खेपेला त्यांनी वहीत आधी बी१२ चा आकडा बघितला, ४३०. मग विचारलं, “दूध चालू केलं का?” म्हटलं, रोज दोन पेले. “तेल?” तेही रोज, मनगटावर थेंब टाकून.